खारं घ्यावं की बिनमिठाचं? आगोटीच्या सुक्या मासळीची पारख

एप्रिल सरत आला की किनाऱ्यावरच्या घरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, यादी निघते. तांदूळ, कडधान्यं, कोकम, मसाला आणि सुकी मासळी. महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे हे दोन महिने बरणीतल्या मासळीवरच काढायचे असतात. गोव्यात हीच खरेदी 'पुरुमेंत' म्हणून चालते आणि मडगावात त्यासाठी फेस्ताच्या निमित्ताने बाजारही भरतो. या दिवसांत बाजारात एका टोपलीत बोंबील, दुसरीत जवळा, पलीकडे मिठाने पांढरा पडलेला बांगडा, त्याच्या बाजूला सोडे असा सगळा माल शेजारीशेजारी असतो. सगळ्यांचे वास एकमेकांत मिसळलेले असतात आणि नवख्या माणसाला काय चांगलं, काय वाईट हे कळेनासं होतं.

माझं सांगणं असं की, आधी मासा निवडू नका, प्रकार निवडा. सुक्या मासळीचे मुळात दोनच प्रकार आहेत: नुसत्या वाऱ्या-उन्हावर वाळवलेली आणि मिठात मुरवून मग वाळवलेली. बोंबील, जवळा, करंदी आणि बहुतेक ठिकाणचे सोडे पहिल्या प्रकारात येतात. खारा बांगडा, खारवलेली सुरमई, गोव्याचं 'खारें' दुसऱ्या. या दोन प्रकारांची पारख वेगळी, बिघडण्याची तऱ्हा वेगळी आणि ठेवण्याची पद्धतही वेगळी. बिनमिठाच्या मालात काय चुकलंय ते नाक सांगतं. खाऱ्या मालात नाक अर्धंच सांगतं, उरलेलं बोटाने दाबून आणि डोळ्यांनी आत बघूनच कळतं. तुम्हाला यांतलं काय जमतं, विक्रेती तुम्हाला काय करू देते, आणि घरी तुमच्याकडे मासळी ठेवायला कशी जागा आहे, यावर निवड ठरवावी.

मीठ का लावतात आणि का लावत नाहीत

बोंबलाला मीठ लागत नाही याचं कारण त्याच्या अंगात आहे. ताज्या बोंबलात जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं आणि चरबी अगदीच कमी. हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात वलांड्यांवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्या-दोऱ्यांवर, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगले की ते काही दिवसांत काठीसारखे कडक होतात. हिशेब करून पाहा: दहा किलो ताज्या बोंबलांत मांस, काटा मिळून घन भाग जेमतेम सव्वा किलो, म्हणजे थोडं पाणी अंगात राहिलेला चांगला वाळलेला माल दीड किलोच्या आतच हाती येतो. जवळा तर इतका बारीक की पातळ पसरला तर कडक उन्हात फार वेळ लागत नाही. पाणी भराभर निघून जातं, चरबी नाही, म्हणून खराब व्हायला वेळच मिळत नाही.

बांगड्याचं तसं नाही. तो जाड आहे, तेलकट आहे आणि नुसता टांगला तर बाहेरून वाळेपर्यंत आतून सडायला लागेल. म्हणून तो चिरून, आतडी-कल्ले काढून, पोटात आणि पाठीच्या चिरेत मीठ भरून, थरावर थर रचून मुरवतात. मीठ आतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी निथळतं आणि मग मासा उन्हात टाकतात. यात मीठ हेच राखण करणारं असतं, ऊन नंतरचं. त्यामुळे खाऱ्या माशात पहिला प्रश्न 'किती वाळलाय' हा नसून 'मीठ काट्यापर्यंत पोचलंय का' हा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी पारख आपोआप सुचते.

वास कसा घ्यावा

ढिगावर वाकून वास घेतला तर काहीच कळत नाही, कारण तिथे सगळ्या टोपल्यांचा वास एकत्र असतो आणि नाक दोन मिनिटांत बधिर होतं. मूठभर माल घ्या, दुकानापासून चार पावलं बाजूला या, मुठीत तोंडाची गरम वाफ सोडा आणि लगेच हुंगा. गरम ओलाव्याने आतला दडलेला वास वर येतो. दुसरा नमुना घेण्याआधी थोडा वेळ मोकळ्या हवेत उभे राहा.

चांगल्या सुक्या मासळीला वास असणारच, आणि तो जोरदारही असेल. प्रश्न जोराचा नाही, जातीचा आहे. जवळ्याचा आणि सोड्यांचा चांगला वास गोडसर असतो, त्यात समुद्राचा खारेपणा असतो आणि तव्यावर टाकल्यावर काय सुगंध सुटेल याची चाहूल त्यात लागते. बोंबलाचा वास त्याहून रोखठोक, पण कोरडा. खाऱ्या बांगड्याचा वास जड आणि तेलकट, तरी स्वच्छ.

वाईट वास चार प्रकारचे असतात आणि प्रत्येक वास वेगळं दुखणं सांगतो. डोळ्यांना आणि नाकाच्या आतल्या बाजूला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर मासळी वाळवण्याआधीच सडायला लागली होती. ते नंतर कितीही ऊन दाखवून जात नाही. कुबट वास आला तर वाळलेला माल परत ओलावला आहे आणि कुठेतरी बुरशी आहे. जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास हा तेल बिघडल्याचा, तो मुख्यतः बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत येतो. आणि चौथा, मासळीचा नसलेलाच वास: फिनेल, डांबरगोळी, रॉकेल किंवा औषध फवारल्यासारखा काही. हा चौथा आला तर भाव करण्यात वेळ घालवू नका. किडे-माशा दूर ठेवण्यासाठी काहीतरी मारलेलं असण्याची शंका पुरेशी आहे, आणि ते धुऊन किती जाईल याचा अंदाज बाजारात उभं राहून करता येत नाही.

काही जण सांगतात की ढिगावर माशी बसत नसेल तर औषध मारलंय असं समजावं. या खुणेवर मी भरवसा ठेवत नाही. खडखडीत वाळलेल्या मालाकडे माशी तशीही कमीच वळते. माशा घोंघावत असतील तर उलट माल ओला असण्याची शक्यता जास्त.

बोंबील, जवळा, सोडे

बोंबील हातात घेऊन वाकवा. चांगला वाळलेला बोंबील ताठ असतो, जोर दिला की मोडतो आणि मोडलेल्या जागी आतला भागही कोरडा दिसतो. चामड्यासारखा वाकून परत सरळ होत असेल तर आत पाणी आहे. त्याचा अर्थ पैशांतही काढता येतो: १५ टक्के ओलाव्याच्या एक किलो बोंबलांत ८५० ग्रॅम खाण्याजोगा कोरडा माल असतो, ३० टक्के ओलाव्याच्या एक किलोत ७००. दीडशे ग्रॅम पाण्याला तुम्ही बोंबलाचा भाव दिलात, आणि वर तेच पाणी पावसाळ्यात बुरशी धरायला कारण होणार.

रंग गवताच्या काडीसारखा फिकट पिवळसर, उजेडात धरला तर थोडा अर्धपारदर्शक असावा. तपकिरी पडलेला माल बहुधा गेल्या साली उरलेला किंवा वाळताना पावसात सापडलेला असतो. डोक्याचा भाग आणि कल्ले उघडून बघा, कारण वास आणि कीड दोन्ही तिथेच आधी धरतात. पेंडी घेत असाल तर ती पांढऱ्या कागदावर उभी आपटा. खाली पिवळसर भुसा पडला, केसाळ तपकिरी अळी किंवा तिची टाकलेली साल दिसली, तर पेंडी परत ठेवा. ही कीड बिनमिठाच्या मालाची खास वैरी आहे. जास्त मीठ असलेल्या माशाकडे ती फारशी वळत नाही. बिनमिठाचा माल घेण्यातला हा खरा तोटा, आणि तो लपवून उपयोग नाही.

जवळ्यात वाळू हा मोठा प्रश्न. पुळणीवर नुसता पसरून वाळवलेला जवळा आणि जाळ्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवलेला जवळा दिसायला सारखेच असतात, भाव मात्र सारखा नसावा. चमचाभर जवळा पाणी भरलेल्या स्टीलच्या वाटीत टाका, बोटाने ढवळा, एक मिनिट थांबा आणि वरचा जवळा काढून तळ बघा. कणभर वाळू चालते, घरी धुताना जाते. तळ खरखरीत झाला तर तो माल चटणीच्या कामाचा नाही. दुसरी परीक्षा मुठीची: जवळा घट्ट दाबून मूठ सोडली की त्याने खुळखुळत मोकळं व्हायला हवं. गोळा तसाच राहिला तर ओला आहे. जवळ्यात बारीक खेकडे, शिंपल्याचे तुकडे, लहान मासे येतात, ते निवडावे लागतात. थोडे असणं स्वाभाविक आहे, पण विक्रेतीने निवडून ठेवलेल्या मालाला चार पैसे जास्त द्यावे लागले तर ते योग्यच आहेत.

'बिनमिठाचा' याचा अर्थ मीठच नाही असा घेऊ नका. जवळा समुद्राच्या पाण्यासकट वाळतो आणि पाणी उडून गेलं तरी त्यातलं मीठ मागे राहतं. म्हणून जवळ्याची चटणी करताना आधी चाखून मगच मीठ घालतात.

सोडे म्हणजे सोललेली कोळंबी, त्यामुळे सगळ्यांत महाग, आणि महाग म्हणून फसवणुकीलाही इथेच जास्त वाव. चांगल्या सोड्यांचा रंग फिकट नारिंगी-गुलाबी असतो आणि प्रत्येक सोडा थोडा वेगळा दिसतो. सगळेच्या सगळे एकसारखे भडक नारिंगी असतील तर दोन-तीन सोडे कोमट पाण्यात टाका. पाणी किंचित पिवळसर होणं ठीक. लालसर रंग सुटला तर रंग लावलेला आहे. काही ठिकाणी सोडे मिठाच्या पाण्यात उकडून वाळवतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते विचारून घ्यावं, कारण कालवणात त्याप्रमाणे मीठ कमी करावं लागतं. सोडा मधून मोडून पाहा. बाहेर कडक आणि आत चिकट असेल तर तो घाईने वाळवला आहे आणि महिन्याभरात वास धरेल.

खारा बांगडा: इथे थांबून बघा

खाऱ्या बांगड्यावर पांढरा थर बघून काही जण घाबरतात, तर काहींना तो थर हीच चांगल्या मालाची खूण वाटते. दोन्ही अर्धवट आहे. पांढरा थर मिठाचा असेल तर त्याचे कण चमकतात, नखाने खरवडले तर खडखडीत सुटतात आणि पाण्याचा थेंब टाकला की विरघळतात. बुरशीचा थर निस्तेज असतो, बोटाने घासला तर पिठासारखा पसरतो, थेंबाने विरघळत नाही आणि जवळ नेला की कुबट वास येतो. हा पाण्याच्या थेंबाचा प्रयोग कोणत्याही विक्रेतीसमोर करता येतो आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही.

याशिवाय दोन डाग ओळखता यायला हवेत. पहिला गुलाबी किंवा लालसर. मिठागरातल्या जाड्या मिठात असे जिवाणू असतात जे भरपूर मिठातच वाढतात. उष्ण, दमट हवेत ते खाऱ्या माशावर गुलाबी छटा आणि चिकटपणा आणतात. सुरुवातीला तो डाग नुसता पुसून माल परत विकायला ठेवता येतो, म्हणून पाठीचा कणा, पोटाची घडी, शेपटीजवळचा भाग असे आडोसे उघडून बघा. दुसरा डाग म्हणजे मिरीपूड शिंपडल्यासारखे तपकिरी ठिपके. ती मिठाला सरावलेली बुरशी. गुलाबी माल घ्यायचा नाही. ठिपके एखाद्या माशावर असतील तर तो बाजूला काढून बाकीचे तपासा. ढीगभर असतील तर ढीगच सोडा.

आता मुख्य परीक्षा. बांगडा पाठीच्या चिरेतून उघडा आणि कण्यालगतचं मांस अंगठ्याने दाबा. सगळ्यांत जाड भाग तोच आणि मीठ तिथे सर्वांत शेवटी पोचतं. नीट मुरलेल्या बांगड्यात ते मांस घट्ट, राखाडीसर आणि कडेच्या मांसाशी एकजीव दिसतं. कण्याजवळ लालसर-तपकिरी रेघ, मऊपणा, बोटाला चिकटपणा किंवा मांस काट्यापासून सुटून येणं, यांतलं काही दिसलं तर खार कच्चा राहिला आहे. अशा माशाचं बाहेरून चव घेऊन काही कळत नाही, कारण बाहेर मीठ भरपूरच असतं. 'खूप खारट आहे म्हणजे टिकेल' हा समज इथेच फसतो.

पोट नीट साफ झालंय का तेही याच वेळी बघा. आतडी, काळी अंतस्त्वचा, रक्ताची गाठ राहिली असेल तर कडू चव आणि वास तिथूनच सुरू होतो. मांसाच्या कडा पिवळट-तांबूस, गंज चढल्यासारख्या झाल्या असतील तर तेल खवट झालंय. थोडा पिवळेपणा बांगड्यात येतोच. मी वास घेऊन ठरवते. रंग असून वास स्वच्छ असेल तर लवकर संपवायच्या बोलीवर घ्यायला हरकत नाही.

एक धोका मात्र नाक, डोळे, बोट यांतलं काहीच सांगत नाही. बांगडा, कुपा, तारली अशा माशांत मासा पकडल्यावर मीठ लागेपर्यंत वेळ गेला आणि तो उन्हात पडून राहिला, तर हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते मिठाने जात नाही, वाळवण्याने जात नाही आणि तळून-शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही वेळात तोंडाला चुणचुण, चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास होतो. खाताना जिभेला मिरी लागल्यासारखी तिखट चुणचुण आली, आणि मसाल्यात तसं काही नसेल, तर ताट बाजूला ठेवावं, आणि त्रास वाढला, श्वासाला जड वाटलं तर डॉक्टरांकडे जावं. यावर खरेदीच्या वेळचा उपाय एकच: खारा मासा कोणी, कुठे खारवला हे जिला सांगता येतं तिच्याकडूनच घ्या. बिनमिठाच्या बोंबील-जवळ्यात हा प्रश्न जवळजवळ येत नाही, आणि माझ्या मनात त्यांचं पारडं जड होण्याचं हे एक कारण आहे.

मिठाचा हिशेब

खाऱ्या माशात साधारण १५ ते २० टक्के मीठ असतं, कधी जास्तही. खाण्याजोगा तुकडा ४० ग्रॅमचा धरला आणि मीठ १५ टक्के, तर त्यात ६ ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे न भिजवता तळलेला एकच तुकडा दिवसाची मर्यादा ओलांडतो, भात-आमटीतलं मीठ वेगळंच.

भिजवल्याने फरक पडतो, पण किती ते पाण्यावर आणि वेळेवर ठरतं. तो ४० ग्रॅमचा तुकडा ग्लासभर, म्हणजे २०० मिली पाण्यात पुरेसा वेळ राहिला आणि मीठ तुकड्यात व पाण्यात सारखं वाटलं गेलं, तर तुकड्यात जवळपास सहावा भाग, म्हणजे ग्रॅमभर मीठ उरेल. प्रत्यक्षात अर्ध्या तासात मीठ इतकं समान होत नाही. जाड तुकडा असेल तर मधला भाग खारटच राहतो. म्हणून तुकडे लहान करावे, भांडं मोठं घ्यावं आणि पाणी एकदा तरी बदलावं. उन्हाळा असेल तर तास-दोन तासांचं भिजवणं फ्रिजमध्येच करावं, कारण मीठ निघून गेलं की माशाची राखणही निघून जाते.

मिठाचा दुसरा हिशेब वजनाचा. जाड मिठाचे खडे चिकटलेला बांगडा तसाच तराजूत गेला तर त्या खड्यांनाही बांगड्याचा भाव पडतो. वजनाआधी मासा हाताने झटकून द्यायला सांगण्यात संकोच नको. "मावशी, जरा झाडून घाला" एवढंच पुरतं. झाडूनही ज्यावर मिठाचा जाड थर राहतो, तो बहुतेक वेळा निथळू न देता घाईने उन्हात घातलेला असतो.

पावसाळ्यात कोण टिकतं

मिठाचा एक गुण असा की हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरायला लागतं. कोकणात जून-जुलैत दमटपणा याच्या खूप वर असतो. म्हणून उघडा ठेवलेला खारा मासा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओला दिसतो, खाली पाणी साचतं आणि गुलाबी डाग धरायला अनुकूल हवा होते. बोंबील-जवळाही ओलावा ओढतात, पण पाझरत नाहीत. ते लवचीक होतात, कुबटतात आणि मग बुरशी येते.

त्यामुळे दोघांनाही हवाबंद बरणी लागतेच, फरक पुढे आहे. जवळा भरण्याआधी मंद तव्यावर कोरडा परतून, पूर्ण गार करून भरता येतो. बोंबलाचे तुकडे करून पुन्हा एक ऊन देता येतं. पावसात मध्येच थोडी उघडीप मिळाली तरी ते सावरतात. खारा बांगडा एकदा पाझरला की घरच्या घरी सावरणं अवघड. त्याला फ्रिज हवा, आणि फ्रिज थंड असला, १० अंशांच्या खाली, तर गुलाबी डागांचे जिवाणूही वाढत नाहीत. फ्रीझरमध्ये दोन्ही उत्तम राहतात. वासाची काळजी असेल तर दुहेरी पिशवी आणि बाहेरून घट्ट झाकणाचा डबा.

खरेदीची वेळही याच्याशी जोडलेली आहे. हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात वाळलेला माल वेगळा आणि मे महिन्याच्या शेवटी, आभाळ भरून यायला लागल्यावर घाईने वाळवलेला वेगळा. मेच्या मध्यापर्यंत खरेदी उरकावी. भाव पडेल म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याला स्वस्त मिळतं ते बहुधा अर्धओलं असतं.

घाटावर, पुणे-सातारा-कोल्हापूरच्या आठवडी बाजारात, बोंबील आणि सुकट वर्षभर मिळतात. तिथे माल प्रवास करून आलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात घेतला तर घरी आणल्याबरोबर उघडून पसरावा आणि वरच्या परीक्षा पुन्हा कराव्या. खाऱ्या बांगड्याची मात्र पावसाळ्यातली खरेदी मी टाळायला सांगेन.

एका घरासाठी ठरवू

समजा ठाण्यातल्या फ्लॅटमधलं चौघांचं घर आहे. आजोबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. बाल्कनीत ऊन नाही, फ्रिज आहे, फ्रीझर लहान. मासेबंदीचे नऊ आठवडे धरले आणि आठवड्यातून एकदा जवळ्याची चटणी किंवा भाजी, एकदा बोंबील, असं ठरवलं. चौघांना चटणीसाठी एका वेळी ५० ग्रॅम जवळा पुरतो, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. अर्धा किलो घ्यावा. बोंबील एका वेळी आठ धरले तर बहात्तर, निवडताना थोडे वाया जातात म्हणून ऐंशीच्या आसपास. काही ठिकाणी ते शेकड्याने मिळतात, तेव्हा शंभर घेतले तरी संपतात.

जवळा परतून दोन लहान बरण्यांत भरायचा; एक उघडली की दुसरी बंदच. बोंबलांची डोकी-शेपट्या काढून, तुकडे करून फ्रिजमध्ये. डोकी काढल्याने जागाही कमी लागते आणि कीड धरण्याची जागाही जाते. आजोबांच्या ताटात जायला या दोघांना अडचण कमी, कारण स्वयंपाकात मीठ आपल्या हातात राहतं. तरी जवळा दोनदा धुऊनच घ्यावा.

खारा बांगडा हवाच असेल, आणि पेजेसोबत तो हवा असणाऱ्याला दुसरं काही चालत नाही हे मला पटतं, तर पंधरवड्याला एकदा दोन मासे, म्हणजे एकूण आठ-दहा. तेवढेच घ्यावे, कारण फ्रिजमध्ये तेवढीच जागा आहे. तुकडे लहान करून, पाणी बदलून भिजवावे आणि आजोबांसाठी त्या दिवशी वेगळं काहीतरी करावं. इथे भिजवण्याच्या हिशेबावर विसंबू नये. सोडे याच घरात पाव किलो, सणावाराच्या वांग्या-बटाट्याच्या रश्श्यासाठी.

गोव्याचा पारा किंवा कोळंबीचं बलचांव यांसारखी लोणची या घराला घ्यावीत का, असं विचाराल तर एक लहान बाटली ठीक. त्यात मीठ, व्हिनेगर आणि मसाला इतका असतो की मूळ मासळीची पारख बाटलीतून करणं शक्यच नाही. त्यामुळे तिथे विश्वास बनवणाऱ्या हातावर ठेवावा लागतो. तेल वर तरंगून मसाला पूर्ण झाकलेला असावा आणि झाकण फुगलेलं नसावं, एवढंच बघता येतं.

ज्या घरात फ्रिजमध्ये जागाच नाही, पण गच्ची आहे आणि ऊन मिळतं, त्यांनी खारा माल सोडून द्यावा आणि सगळा भर बोंबील-जवळ्यावर द्यावा. ज्यांच्याकडे मोठा फ्रीझर आहे आणि ज्यांना जाड मासाच आवडतो, त्यांनी खाऱ्याकडे जावं, पण पाठ उघडून दाखवणारी विक्रेती आधी शोधावी.

बंद पाकिटातली मासळी घेताना वास घेता येत नाही, मग निदान पाकीट पारदर्शक असावं. आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब किंवा धूसरपणा नसावा, पॅकिंगची तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक छापलेला असावा. तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर माल आधी वाळवून साठवलेला आणि आत्ता भरलेला आहे, एवढं लक्षात ठेवावं. घरी आल्यावर लगेच उघडून वाफेची परीक्षा करावी. परत करायचं असेल तर त्याच दिवशी.

आणि बाजारात कोणाची ओळख नसेल तर पहिल्या फेरीत पाव किलोच घ्या. घरी नेऊन मूठभर जवळा पाण्यात टाका, एक बोंबील मोडा, एक तळून बघा. मुंबईत मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात असो की गावच्या आठवडी बाजारात, पुढच्या वेळी त्याच बाईकडे जाऊन "गेल्या खेपेसारखाच द्या" म्हणता आलं की बाकीचा माल तिच्याकडूनच घ्यावा.